एकाच कंपनीत लग्न केलं तर राजीनामा?

“एकाच कंपनीतल्या दोघांनी लग्न केलं, तर कायद्याने एकाला राजीनामा द्यावाच लागतो.”

खासगी नोकरीत असा कायदा नाही. 2013चा लैंगिक छळविरोधी कायदाही नकोशा वर्तनाविरुद्ध आहे, संमतीच्या नात्याविरुद्ध नाही. मात्र एकाची रजा, पगारवाढ दुसऱ्याच्या सहीने होत असेल, तर नातं कळवा असं कंपनी सांगू शकते आणि ते रास्तच आहे. लपवलं तर कारवाईला निमित्त मिळतं.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात माझी मावसबहीण अकाउंट्समध्ये आणि तिचा होणारा नवरा डिस्पॅचला. साखरपुड्याचे पेढे वाटले, त्याच संध्याकाळी “दोघांपैकी एकाने राजीनाम्याचा कागद द्या” असं तोंडी सांगितलं गेलं. तिने सही केली नाही. नेमणूकपत्र आणि आचारसंहिता काढून ‘हितसंबंधांचा संघर्ष’ हे कलम वाचलं. त्यात फक्त कळवण्याची अट होती. मग तिने ईमेलने विचारलं, “कोणत्या कलमाखाली?” उत्तरात राजीनाम्याचा विषयच नव्हता, होणाऱ्या नवऱ्याची बिलं तपासायचं काम तेवढं तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं.

सही आधी केली असती, तर तो राजीनामा स्वखुशीचाच धरला गेला असता, आणि दबाव होता हे सिद्ध करणं फार जड जातं.