एनएफए सगळं स्वीकारतो का, हा प्रश्न पीस्पेस-कम्प्लीट कसा झाला: थोडी पार्श्वभूमी

डीएफए दिला, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराला पुढची स्टेट एकच ठरलेली असते असं यंत्र, आणि विचारलं की हा प्रत्येक स्ट्रिंग स्वीकारतो का, तर उत्तर दोन मिनिटांत निघतं. सुरुवातीच्या स्टेटपासून पोचता येईल अशी एखादी न स्वीकारणारी स्टेट आहे का एवढंच बघायचं, ग्राफमध्ये वाट शोधायची, झालं. `k` स्टेट असतील आणि नाकारलेली स्ट्रिंग असेलच तर `k` पेक्षा छोटी एक तरी नक्की सापडते. तोच प्रश्न एनएफएला, म्हणजे जिथे एका अक्षराला अनेक वाटा असू शकतात आणि त्यातली एक जुळली तरी स्ट्रिंग स्वीकारली जाते अशा यंत्राला, विचारला की गाडी अडते, आणि का अडते याचं जे कारण बहुतेक ठिकाणी दिलं जातं ते मला अपुरं वाटतं, म्हणून हे लिहितोय.

ते कारण असं: `n` स्टेटच्या एनएफएचा डीएफए करायला गेलं की 2^n स्टेट होतात, म्हणून अवघड. सबसेट घेऊन डीएफए करायची रीत १९५९ च्या पेपरमधली, एनएफए ही कल्पनाही तिथलीच, आणि काही भाषांसाठी हा फुगवटा टाळताच येत नाही हेही पुढे सिद्ध झालं. पण फुगवटा म्हणजे अवघडपणा नव्हे. "शेवटून `n` वं अक्षर `1` आहे" ही भाषा घ्या. एनएफएला `n+1` स्टेट पुरतात, डीएफएला 2^n लागतातच. तरी हा एनएफए सगळं स्वीकारतो का याचं उत्तर बघताक्षणी मिळतं, रिकामी स्ट्रिंगच नाकारली जाते. म्हणजे एक रस्ता महाग आहे एवढंच फुगवट्यातून कळतं, दुसरा स्वस्त रस्ता नाहीच असं त्यातून निघत नाही.

खरं कारण १९७२-७३ मध्ये पुढे आलं, तेही एनएफएच्या नावाने नाही तर रेग्युलर एक्सप्रेशनच्या नावाने. आधी स्क्वेअरिंग, म्हणजे एखादा भाग दोनदा घ्यायची खूण, असलेल्या एक्सप्रेशनसाठी, तिथे तर एक्स्पोनेन्शियल स्पेस लागते, आणि मग साध्या एक्सप्रेशनसाठी पीस्पेस, म्हणजे पॉलिनोमियल जागेत सुटणाऱ्या सगळ्या प्रश्नांइतकं अवघड. एक्सप्रेशनचा एनएफए जवळपास तेवढ्याच आकारात होतो, त्यामुळे निकाल आपोआप इकडे आला.

कल्पना एका ओळीत सांगायची तर एनएफए चूक पकडण्यात फार हुशार असतो. `n` बिटांचा काउंटर घ्या, `n=3` साठी अशी स्ट्रिंग:

```
#000#001#010#011#100#101#110#111#
```

आता असा एनएफए बनवायचा जो यात कुठेही चूक असली की स्वीकारतो. सुरुवात `#000#` ने नाही, स्वीकार. शेवट `#111#` ने नाही, स्वीकार. दोन `#` मधलं अंतर बिघडलंय, स्वीकार. आणि मुख्य चूक, बेरीज चुकली: एनएफए मध्येच कुठल्यातरी बिटवर थांबून अंदाज करतो की "इथे गडबड आहे", तो बिट लक्षात ठेवतो, त्याच्या उजवीकडचे सगळे बिट `1` आहेत का ते पुढे जाता जाता बघतो (सगळे `1` असतील तरच हा बिट पलटायला हवा), बरोबर `n+1` अक्षरं पुढे जाऊन तिथला बिट तपासतो, जुळला नाही तर स्वीकार. लक्षात ठेवायचं ते एवढंच, एक बिट, एक हो-नाही, आणि `n+1` पर्यंतची मोजणी. `n=20` साठी सगळं मिळून दोनशेच्या आत स्टेट होतात.

आणि हे यंत्र नाकारतं काय? ज्यात एकही चूक नाही तेच, आणि त्यातली सगळ्यात छोटी म्हणजे पूर्ण मोजणी. `n=3` ला ३३ अक्षरं, `n=20` ला २ कोटी २० लाख २० हजार ९७. दोनशेच्या आतल्या स्टेट, आणि पहिली नाकारलेली स्ट्रिंग दोन कोटींच्या पुढे! डीएफएमध्ये हे शक्य नाही, कारण तिथे "चूक कुठे असेल" असा अंदाज करता येत नाही, प्रत्येक बिट लक्षात ठेवूनच पुढे जावं लागतं.

काउंटरच्या जागी आता कुठलंही ट्युरिंग मशीन ठेवा जे पॉलिनोमियल जागेत चालतं. प्रत्येक पायरीला अख्खी टेप एका ब्लॉकमध्ये लिहायची, पुढच्या ब्लॉकमधला प्रत्येक चौकोन मागच्या ब्लॉकमधल्या तीन शेजारच्या चौकोनांवरून ठरतो, त्यामुळे चूक पकडायला पुन्हा तीच युक्ती पुरते. एनएफए सगळं स्वीकारतो म्हणजे मशीनचं "हो" म्हणणारं एकही बिनचूक गणित अस्तित्वात नाही. म्हणून पीस्पेसमधला प्रत्येक प्रश्न या प्रश्नात बसवता येतो.

वरची बाजू, म्हणजे पीस्पेसमध्ये सुटतो हे सोपं आहे, पण नेमका इथेच एका शब्दाचा घोळ होतो आणि मी पाहिलेल्या बहुतेक चुका इथल्याच. तो शब्द म्हणजे नॉनडिटरमिनिझम. इथे तो दोनदा येतो आणि दोन्हीकडे उलट्या दिशेने ओढतो. एनएफएचा अंदाज स्वीकारण्याच्या बाजूने असतो, एक वाट मिळाली की पुरे. आपण प्रश्न सोडवताना जो अंदाज करतो तो नाकारलेल्या स्ट्रिंगचा, आणि ती नाकारली असं म्हणायला सगळ्या वाटा फसाव्या लागतात. म्हणून "स्वीकारणाऱ्या आणि न स्वीकारणाऱ्या स्टेट अदलाबदल करा आणि काहीतरी स्वीकारतोय का बघा" हे डीएफएला चालतं आणि एनएफएला चालत नाही, अदलाबदल केली तरी यंत्र एका वाटेवर समाधानी असतं, त्याला सगळ्या वाटा कधी दिसतच नाहीत. उत्तरपत्रिकांमध्ये ही चूक इतक्या वेळा येते की पाटीवर वेगळं लिहावं लागतं. आणि म्हणूनच एनएफए काहीच स्वीकारत नाही का हा प्रश्न सोपा राहतो, तिथे स्ट्रिंगही आपणच निवडतो, वाटही आपणच, दोन्ही अंदाज एकाच बाजूचे.

सोडवायचं असं: एक एक अक्षराचा अंदाज करायचा, स्ट्रिंग जपायची नाही, फक्त आत्ता कुठल्या कुठल्या स्टेटमध्ये असू शकतो ती यादी जपायची, `n` स्टेटना `n` बिट. पावलं मोजायला आणखी `n` बिट, कारण 2^n पावलांनंतर यादी पुन्हा तीच येणार. अंदाज करणारी ही पद्धत १९७० च्या निकालाने बिनअंदाजी करता येते, जागा वर्गाएवढी वाढते, पण पॉलिनोमियलच राहते. वेळ मात्र एक्स्पोनेन्शियल लागू शकतो. पॉलिनोमियल वेळेत होणारच नाही हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही हेही सांगायला हवं, पॉलिनोमियल वेळेत झालं तर पी आणि पीस्पेस एकच ठरतील.

स्ट्रिंग लिहायला अक्षर एकच असेल तर हा प्रश्न को-एनपी-कम्प्लीटवर उतरतो, तेही १९७३ चंच. आणि १९८५ मध्ये दाखवलं गेलं की प्रत्येक स्वीकारलेल्या स्ट्रिंगला एकच वाट असेल तर पॉलिनोमियल वेळ पुरतो, कारण मग वाटा मोजल्या की स्ट्रिंगच मोजल्या जातात, `n` च्या आसपासच्या लांबीपर्यंत प्रत्येक लांबीला आकडा भरतोय का एवढं बघायचं.

प्रत्यक्ष टूल्समध्ये मोठा फरक पडला तो २००६ च्या अँटिचेन पद्धतीने. सबसेट काढत जायचे, पण `S` हा `T` च्या आत बसत असेल तर `T` सोडून द्यायचा, कारण `T` पासून जी स्ट्रिंग नाकारली जाते ती `S` पासूनही नाकारली जाणारच. अनेक उदाहरणांत याने यादी एकदम आटोक्यात येते. काउंटरवाल्या एनएफएवर मात्र हीही पद्धत दमते, तिथे पहिली नाकारलेली स्ट्रिंगच दोन कोटी अक्षरं लांब आहे आणि तिथवर एक एक पाऊल टाकत जावंच लागतं.