मजल्यावर अग्निशामक किती: चौरस मीटर मोजायचे की पावलं?

फोंड्यातल्या एखाद्या तीन मजली इमारतीसाठी अग्निशामक सिलिंडरांचं कोटेशन मागवलं, की त्यात बहुतेक एकच हिशेब सापडतो. मजल्याचं क्षेत्रफळ भागिले अमुक चौरस मीटर, आणि आला तो आकडा. आयएस 2190 हे अग्निशामकांची निवड, मांडणी आणि देखभाल सांगणारं भारतीय मानक. कुठूनही 15 मीटरच्या आत चालत सिलिंडर गाठता आला पाहिजे, ही त्यातली अट त्या कागदावर कुठेतरी तळाशी असते, आणि तीही ‘15 मीटर त्रिज्या’ अशा चुकीच्या रूपात. क्षेत्रफळ आणि अंतर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं समजून लोक एक मोजतात आणि दुसरं आपोआप जमलं असं धरतात. तसं जमत नाही, कारण दोन्ही मापं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

क्षेत्रफळ सांगतं की एवढ्या जागेतल्या सामानाला आग लागली तर विझवायची ताकद पुरेल का. अंतर सांगतं की ती ताकद आग लहान असेपर्यंत माणसाच्या हातात येईल का. म्हणून दोन्ही हिशेब वेगवेगळे करायचे आणि जो आकडा मोठा येईल तो घ्यायचा.

एक मजला घेऊन बघू. पहिला मजला, 48 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद. मधोमध 2 मीटरचा पॅसेज, त्याच्या दोन्ही बाजूंना 4 मीटर रुंद आणि 5 मीटर खोल अशा खोल्या, एका बाजूला बारा. दवाखाना, शिकवणी, वकिलाचं ऑफिस, टेलर, नेहमीचीच वस्ती. प्रत्येक खोलीचं दार पॅसेजच्या भिंतीत मध्यावर. क्षेत्रफळ 576 चौरस मीटर. पुष्कळांच्या तोंडी असलेला 600 चौरस मीटरमागे एक हा हिशेब उदाहरणासाठी धरला, तर या मजल्याला एक सिलिंडर पुरतो.

आता तो एकुलता एक पॅसेजच्या बरोबर मध्यावर टांगा. शेवटच्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यातल्या माणसाला आधी दारापर्यंत 5 मीटर खोली आणि 2 मीटर आडवं असं 7 मीटर यायचं. टेबलं-कपाटं असतात, तिरपं चालायला जागा क्वचितच मिळते. मग 1 मीटर पॅसेजच्या मध्यापर्यंत, आणि पुढे 22 मीटर सरळ. एकूण 30 मीटर, म्हणजे मर्यादेच्या नेमकं दुप्पट. कागदावर मात्र हा मजला पास.

कोणीतरी हुशारी करून नकाशावर कंपास घेतो. 15 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर दोन सिलिंडरांत मजला झाकला जातो: एक 12 मीटरवर, दुसरा 36 मीटरवर. कोपरा सिलिंडरपासून सुमारे 13.4 मीटर, छान वाटतं. पण कंपासची रेघ भिंतीतून आरपार जाते, माणूस दारातून जातो. चालत मोजलं तर त्याच कोपऱ्यापासून 8 अधिक 10, म्हणजे 18 मीटर. नापास.

खरा हिशेब उलट्या बाजूने सुरू करावा. सर्वांत अडचणीच्या कोपऱ्यातून पॅसेजच्या मध्यावर येईपर्यंतच 8 मीटर संपले. उरले 7. म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना 7 मीटरच्या आत जी दारं पडतात तेवढ्याच खोल्या त्याच्या हिश्शाच्या. दारं 2, 6, 10, 14 अशी दर 4 मीटरवर आहेत. चार दारांच्या मधोमध, म्हणजे 8 मीटरवर सिलिंडर टांगला, तर लांबचं दार 6 मीटरवर येतं आणि एकूण चाल 14 मीटर होते. बारा दारांचे असे तीन गट. सिलिंडर 8, 24 आणि 40 मीटरवर. त्याच मजल्याला भागाकार एक म्हणतो, कंपास दोन म्हणतो आणि टेप तीन.

एका सिलिंडरच्या वाट्याला इथे 192 चौरस मीटरच आले. मोकळा, चौकोनी हॉल असता तर कमाल किती आले असते? काटकोनातच चालायचं म्हटलं, तर 15 मीटरच्या आत येणारी जागा गोल नसते, शंकरपाळ्यासारखी असते, आणि तिचं क्षेत्रफळ 2 × 15 × 15, म्हणजे 450 चौरस मीटर. वर्तुळाचे 707 कधीच हाती लागत नाहीत. एनएफपीए 10 या अमेरिकन मानकात एका सिलिंडरला कमाल 11,250 चौरस फूट जागा दिली आहे. हा आकडा पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतो, पण त्यांची चालायची मर्यादा 75 फूट आहे, आणि 2 × 75 × 75 करून बघा. अंतराची अटच तिथे क्षेत्रफळाचा वेष घेऊन बसली आहे.

याउलट क्षेत्रफळ जिंकतं ते मोकळ्या पण सामानाने भरलेल्या जागेत. तळमजल्यावर 24 × 16 मीटरचं फर्निचरचं दुकान समजा, आणि फरक दिसावा म्हणून अमेरिकन पट्टीच लावू. हॉलच्या मध्यापासून कोपरा 12 अधिक 8, म्हणजे 20 मीटर. 75 फूट म्हणजे 22.9 मीटर, तेव्हा अंतराला एक सिलिंडर पुरे. पण मध्यम धोक्याच्या जागेत तिथे 1,500 चौरस फुटांमागे 1ए क्षमता लागते; ए हे लाकूड-कागदाची आग विझवायच्या ताकदीचं माप. दुकान सुमारे 4,130 चौरस फुटांचं, म्हणजे 2.75 येतं आणि 3ए हवं. 2ए क्षमतेचा एकच सिलिंडर वेळेत हाती येईल, पण लाकडी कपाटांच्या रांगेपुढे कमी पडेल. दोन लावा. तसंही ती कपाटं आडवी लागली की 20 मीटरचे 26 व्हायला वेळ लागत नाही, आणि मग अंतरही दोनच मागेल. रिकाम्या हॉलच्या नकाशावर मोजणाऱ्यांना हे दिसत नाही.

हे सगळं लाकूड, कागद, कापडाच्या आगीचं. तेल-तुपाच्या कढईचा हिशेब वेगळा, एनएफपीए 10 तिथे 30 फूटच चालू देतं. पॅसेजमधला सिलिंडर दाखवून हॉटेलच्या किचनचं काम भागत नाही.

मोजताना दोन गोष्टी हमखास सुटतात. खालच्या मजल्यावरचा सिलिंडर वरच्यासाठी धरू नये, आणि तीन मजल्यांचं क्षेत्रफळ एकत्र करून भागू नये. प्रत्येक मजल्याचा भागाकार वेगळा आणि वरचा पूर्णांक. दुसरं म्हणजे कुलूप. दवाखान्याच्या आत टांगलेला सिलिंडर डॉक्टर घरी गेल्यावर मजल्याच्या मालकीचा उरत नाही. पॅसेजमध्ये चोरांच्या भीतीने सरकती जाळी बसवली असेल, तर जाळीपलीकडचा सिलिंडरही रात्री वजा करा. ना हरकत दाखल्याच्या तपासणीआधी इमारतीच्या सचिवांनी नकाशा बाजूला ठेवून, संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर टेप घेऊन एकदा चालून बघावं.

आणि रीफिलिंग. आपल्या पहिल्या मजल्यावरचा मधला सिलिंडर भरायला नेला, की मधल्या खोल्यांची चाल 14 वरून 22 मीटरवर जाते. तिन्ही एकदम नेणारे विक्रेतेही असतात. रिकामा खिळा सोडून जाऊ नका, बदली सिलिंडर टांगून मगच जुना न्या, ही अट ऑर्डरवरच लिहून घ्यावी.