राजीनाम्याची पूर्वकल्पना आणि राजीनामा: दोन मजकूर, दोन वेगळी कामे

नोकरी सोडायचे ठरले की माणूस साधारणपणे दोन मजकूर लिहितो. पहिला आपल्या साहेबांना व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर पाठवलेला निरोप असतो, ज्यात सोडण्याचा विचार असल्याची कल्पना दिलेली असते. दुसरा म्हणजे कंपनीच्या नावे दिलेले राजीनामापत्र. दोन्हींचा विषय एकच असल्याने अनेकांना पहिला मजकूर हा दुसऱ्याचाच कच्चा खर्डा वाटतो, आणि नंतरचे बहुतेक वाद याच समजातून उभे राहतात. निरोपाने चर्चेला जागा मिळते, तर पत्राने नोटीस कालावधीचे दिवस मोजायला सुरुवात होते. निरोप एका माणसाला असतो आणि पत्र संस्थेला. निरोप पाठवल्यावरही तुम्ही पूर्वीइतकेच कंपनीचे कर्मचारी असता, पत्र दिल्यावर मात्र तुमच्या नोकरीला शेवटची तारीख लागते.

हा फरक एका उदाहरणातून पाहू. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम करणारा एक तरुण आहे असे समजा. चाकणच्या एका कंपनीचे लेखी ऑफर लेटर त्याच्या हातात आले आहे. इथल्या नेमणूक पत्रात ६० दिवसांची नोटीस लिहिलेली आहे. एप्रिलमध्ये एका मोठ्या ग्राहक कंपनीचे ऑडिट ठरलेले आहे आणि गेज कॅलिब्रेशनचे सगळे रजिस्टर तोच सांभाळतो. अशा वेळी थेट पत्र टेबलावर ठेवले तर साहेबांपुढे पर्याय उरत नाही, कारण ती बातमी त्यांना त्याच दिवशी वर कळवावी लागते. म्हणून सोमवारी, २ मार्च २०२६ रोजी, तो त्यांना असा निरोप पाठवतो:

«सर, नमस्कार. एक गोष्ट औपचारिक होण्याआधी तुमच्या कानावर घालावी असे वाटले. चाकणला एका ठिकाणी माझी निवड झाली आहे आणि येथील काम सोडण्याचा माझा विचार आहे. हा माझा राजीनामा नाही. तो तुमच्याशी बोलणे झाल्यावर रीतसर लेखी देईन. एप्रिलचे ऑडिट आणि कॅलिब्रेशनचे काम कोणाकडे कसे सोपवावे, यावर तुमचे मत हवे आहे. उद्या दुसरी शिफ्ट सुरू होण्याआधी थोडा वेळ देता येईल का? तोपर्यंत ही गोष्ट आपल्यापुरती ठेवावी, ही विनंती.»

या निरोपात जे नाही ते जास्त महत्त्वाचे आहे. त्यात शेवटच्या दिवसाची तारीख नाही, ‘कार्यमुक्त करावे’ ही विनंती नाही, एचआरला प्रत नाही आणि तक्रारींची यादीही नाही. ‘हा माझा राजीनामा नाही’ हे वाक्य काहींना कोरडे वाटते आणि ते गाळावेसे वाटते, पण माझ्या मते निरोपातले ते सर्वांत उपयोगाचे वाक्य आहे. उद्या हा निरोप स्क्रीनशॉट होऊन साहेबांच्या फोनवरून एचआरकडे गेला, तरी त्याचा अर्थ काय घ्यायचा हे त्यातच लिहिलेले राहते.

आता ११ मार्चला त्याने दिलेल्या पत्रातला मुख्य भाग पाहा: «मी या पत्राद्वारे क्वालिटी इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातील अटीनुसार ६० दिवसांचा नोटीस कालावधी १२ मार्च २०२६ पासून मोजता १० मे २०२६ हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील.» येथे विचार, इच्छा, चर्चा यांपैकी काहीच नाही. घडलेला निर्णय आहे आणि तारीख आहे. हे पत्र साहेबांसह एचआरला जाते, आणि जिथे वेगळे एचआर खाते नसते अशा लहान युनिटमध्ये ते मालकांना किंवा टाइम ऑफिसला दिले जाते. कागदावर दिले असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. ईमेलने दिले असेल तर आपल्या खाजगी पत्त्यावरही प्रत ठेवावी, कारण कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. काही कंपन्यांत राजीनामा त्यांच्या पोर्टलवरच भरावा लागतो आणि तिथली नोंदच ग्राह्य धरली जाते, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे.

पत्र लिहिताना उलटी चूकही होते. ‘मी राजीनामा देऊ इच्छितो, तरी याचा विचार व्हावा’ असे नम्रपणे लिहिले की ते पत्र पुन्हा निरोपासारखे वाचले जाऊ शकते, आणि तुमची नोटीस सुरू झाली की नाही यावर एचआर शंका काढू शकते. नम्रता शेवटच्या परिच्छेदात, आभार मानताना दाखवावी. राजीनाम्याचे वाक्य मात्र सरळ असावे.

निरोपाची भाषा पत्रासारखी झाली तर काय होते, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आलेला आहे. डॉ. प्रभा अत्री विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात असेच एक पत्र तपासले. रुग्णालयात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी व्यवस्थापनाच्या कारवाईला उत्तर देताना, आपले म्हणणे मान्य नसेल तर राजीनामा देण्यावाचून पर्याय उरत नाही, अशा आशयाचे लिहिले होते. व्यवस्थापनाने तेवढ्यावरून तो राजीनामा समजून स्वीकारला. न्यायालयाने ते मानले नाही, कारण नोकरी सोडण्याचा स्पष्ट आणि बिनशर्त हेतू त्या पत्रातून दिसत नव्हता. न्याय मिळाला खरा, परंतु तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळाला. सर्वसामान्य माणसाने यातून घ्यायची गोष्ट इतकीच की व्हॉट्सअॅप असो वा लेटरहेड, वाचणारा शब्दांत हेतू शोधतो. ‘मी १ मेपासून येणार नाही’ असे रात्री अकरा वाजता साहेबांना लिहिले, तर तो निरोप होता हे नंतर पटवून देणे अवघड जाते.

गल्लत झाली आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. निरोपाला उत्तर म्हणून ‘तुमचा राजीनामा स्वीकारण्यात आला आहे’ असा ईमेल आला किंवा एचआरने शेवटची तारीख कळवली, तर आपला निरोप पत्र म्हणून वाचला गेला आहे. अशा वेळी तोंडी समजावण्यावर थांबू नये. त्याच दिवशी त्याच ईमेलला उत्तर द्यावे: ‘माझा २ मार्चचा निरोप केवळ पूर्वकल्पना देणारा होता, त्यात राजीनामा दिलेला नाही, आणि राजीनामा देताना तो मी स्वतंत्र पत्राने देईन.’ काही दिवस गप्प राहिल्यास तुम्हाला ते मान्य होते असा अर्थ काढायला जागा मिळते.

आता दिवसांचा हिशेब पाहू, कारण पैशाचे नुकसान बहुधा इथे होते. आपल्या इंजिनिअरने प्रथम असे गृहीत धरले होते की साहेबांना २ मार्चला सांगितले, म्हणजे नोटीस तेव्हापासूनच सुरू झाली. ३ मार्चपासून ६० दिवस मोजले तर शेवटचा दिवस १ मे येतो, म्हणून त्याने चाकणला सोमवार, ४ मे ही जॉइनिंगची तारीख कळवली. परंतु कंपनीच्या दप्तरी राजीनामा ११ मार्चचा आहे, त्यामुळे ६० दिवस १० मे रोजी पूर्ण होतात. मध्ये ९ दिवसांचा फरक पडला. त्याचा महिन्याचा पगार ४२,००० रुपये आहे आणि कंपनी ३० दिवसांच्या हिशेबाने कपात करते असे धरले, तर दिवसाला १,४०० प्रमाणे १२,६०० रुपये फुल अँड फायनलमधून वजा होऊ शकतात. कपात पूर्ण पगारावर होते की फक्त मूळ पगारावर, हे नेमणूक पत्रात पाहावे लागते. दोन्हींत बराच फरक पडतो. पत्र दिलेला दिवस मोजायचा की नाही, याचीही प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. त्याने शेवटी चाकणच्या एचआरला फोन करून जॉइनिंग सोमवार, ११ मेवर नेले, आणि एका आठवड्यासाठी त्यांनी ती मान्य केली. हा फोन पत्र देण्याआधीच करायला हवा होता, कारण त्या वेळी दोन्ही तारखा त्याच्या हातात होत्या.

मग निरोप आणि पत्र यांत अंतर किती ठेवावे? माझ्या मते आठवडाभर पुरेसा आहे, फार तर दहा दिवस. त्याहून कमी ठेवले तर साहेबांना विचार करायला सवड मिळत नाही. त्याहून जास्त लांबवले तर बातमी शॉप फ्लोअरवर पोहोचते, तुमच्या जागी माणूस शोधणे सुरू होते, आणि तुमच्याकडे मात्र कसलाच कागद नसतो. शिवाय मार्च-एप्रिल हे पगारवाढीचे दिवस असतात. जाणाऱ्या माणसाची पगारवाढ रोखली जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, म्हणून निरोप पाठवण्याआधी नव्या ठिकाणचे ऑफर लेटर लेखी हाती असलेच पाहिजे. तोंडी होकारावर साहेबांना कल्पना देऊ नये. त्याचप्रमाणे नोकरीला सलग पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडूनच पत्राची तारीख ठरवावी. निरोपाच्या तारखेचा तिथे काहीही उपयोग होत नाही.

या मधल्या दिवसांत साहेबांनी थांबण्याविषयी विचारले, पगार वाढवून देण्याची तयारी दाखवली किंवा वेगळे काम देऊ केले, तर ती बोलणी निरोपाच्या टप्प्यावर मोकळेपणाने होऊ शकतात. थांबायचे ठरल्यास कोणताही कागद मागे घ्यावा लागत नाही. पत्र स्वीकारले गेल्यानंतर तेच बोलणे राजीनामा मागे घेण्याच्या अर्जाचा विषय होतो आणि निर्णय कंपनीच्या हाती जातो. मला विचाराल तर निरोप पाठवण्याचे खरे कारण हेच आहे.

निरोप प्रत्येक ठिकाणी योग्य ठरतो असे मात्र नाही. साहेबांशीच वाद असल्यामुळे नोकरी सोडायची असेल, किंवा कुणी जाणार असे कळताच त्याच दिवशी त्याचा गेटपास काढून घेण्याची रीत त्या कंपनीत असेल, तर आधी कल्पना देऊन काही साधत नाही. तिथे नेमणूक पत्र वाचून, तारखा मोजून, थेट राजीनामापत्रच द्यावे आणि त्याची पोच घेऊन मगच साहेबांना भेटायला जावे.