ऑफिसचं व्हीपीएन चालू आणि घरचंही चालू: मग सर्व्हर का उघडत नाही?

ज्या ऑफिसांत आम्ही सर्व्हर आणि व्हीपीएन बसवून दिलं आहे, तिथल्या घरून काम करणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. "व्हीपीएन Connected दाखवतंय, पण सर्व्हर काही उघडत नाही" असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, दुसरं कुठलं व्हीपीएन चालू आहे का? उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं. मग घड्याळाशेजारचा छोटा बाण दाबून बघायला सांगतो, आणि तिथे ढालीचं एखादं चित्र निघतं.

मार्चअखेरीला आलेला असाच एक फोन सांगतो. करसल्लागाराच्या ऑफिसातल्या एक बाई चिंचवडहून काम करत होत्या. त्यांच्या लॅपटॉपवर आम्ही ओपनव्हीपीएन घालून दिलेलं. ते जोडलं की ऑफिसातला हिशोबाचा सर्व्हर दिसतो. त्याचं नाव `acc-server`, पत्ता `192.168.10.20`. आदल्या रविवारी मुलाने त्याच लॅपटॉपवर स्वतःच्या वर्गणीतलं एक खासगी व्हीपीएन टाकलं होतं आणि विंडोजबरोबर ते आपोआप चालू होईल असं करून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे ऑफिसचं व्हीपीएन जोडलं. दोन्ही चित्रं हिरवी. सर्व्हरचं फोल्डर मात्र उघडेना.

दोन्ही हिरवी होती यात खोटं काही नव्हतं, दोन्ही खरोखरच जोडलेली होती. भांडण त्यापुढे लागतं. लॅपटॉपमधून बाहेर पडणारं प्रत्येक पाकीट कुठल्या दाराने जायचं, हे एका तक्त्यावरून ठरतं. हा रूटचा तक्ता लॅपटॉपमध्ये एकच असतो आणि दोन्ही व्हीपीएन त्यातच आपापल्या ओळी लिहितात. बाईंच्या लॅपटॉपवर आम्ही `route print -4` चालवलं तेव्हा कामाच्या ओळी अशा होत्या (बाकीचे रकाने आणि ओळी गाळल्या आहेत):

```
Network Destination  Netmask        Interface
0.0.0.0              0.0.0.0        192.168.1.34
0.0.0.0              128.0.0.0      10.7.3.5
128.0.0.0            128.0.0.0      10.7.3.5
192.168.10.0         255.255.255.0  10.8.0.6
```

पहिली ओळ घरच्या वायफायची: कुठेही जायचं असेल तर इकडून. चौथी ऑफिसच्या व्हीपीएनची: फक्त ऑफिसच्या पत्त्यांसाठी. मधल्या दोन खासगी व्हीपीएनच्या. त्याने सगळ्या इंटरनेटचे दोन अर्धे केले आणि दोन्ही आपल्या नावावर लिहून घेतले. असं का, तर तक्त्याचा नियम टपाल वर्गीकरणासारखा आहे. पत्रावर पुण्याचा पिन कोड असेल तर ते "महाराष्ट्र" लिहिलेल्या खणात पडत नाही, त्या पिन कोडच्या खणात पडतं. जास्त नेमकी ओळ जिंकते. अर्धं जग हे अख्ख्या जगापेक्षा नेमकं, म्हणून वायफायची मूळ ओळ न पुसताही खासगी व्हीपीएन तिच्यावर मात करतं. युक्ती चलाख आहे, पण दुसरं व्हीपीएनही त्याच मशीनवर असेल याचा विचार त्यात नसतो.

आता याच तक्त्यावरून पाहिलं तर `192.168.10.20` साठी चौथी ओळ सर्वांत नेमकी. म्हणजे सर्व्हरची पाकिटं बरोबर ऑफिसच्या बोगद्यात जायला हवीत, आणि जातही होती. `ping 192.168.10.20` ला उत्तर येत होतं. अडत होतं ते नावापाशी. `acc-server` म्हणजे कुठला पत्ता, हे ऑफिसचा डीएनएस सांगतो. खासगी व्हीपीएनने मात्र जोडल्या जोडल्या नावांच्या सगळ्या चौकश्या स्वतःच्या डीएनएसकडे वळवल्या होत्या, आणि दूरदेशीच्या त्या डीएनएसला आपल्या ऑफिसातलं नाव कुठून माहीत असणार? पत्त्याने सापडतं आणि नावाने सापडत नाही, असं दिसलं की डीएनएसची ओढाताण चालली आहे असं समजा. तपासताना पॉवरशेलमध्ये `Resolve-DnsName acc-server` वापरा. `nslookup` वर विसंबू नका. विंडोजमध्ये कुठल्या नावासाठी कुठला डीएनएस, असे जे वेगळे नियम असतात ते `nslookup` पाळत नाही, त्यामुळे ते एक सांगतं आणि प्रत्यक्षात दुसरंच घडतं.

आम्ही बाईंना नावाऐवजी पत्ता टाकून फोल्डर उघडायला सांगितलं. उघडलं. आमचा माणूस फोन ठेवणार इतक्यात त्या म्हणाल्या, "अहो, यादी दिसतेय, पण बॅकअपची फाइल कॉपीच होत नाहीये."

इथे चालू करण्याचा क्रम नडला. खासगी व्हीपीएन आधीपासून चालू असल्यामुळे ऑफिसच्या व्हीपीएनचा बोगदाही त्याच्या पोटातून निघाला होता. पाकीट आधी ऑफिसच्या वेष्टनात, मग ते सगळं खासगी वेष्टनात. घरच्या इंटरनेटवर एका पाकिटात साधारण 1500 बाइट मावतात. ते खासगी व्हीपीएन वायरगार्ड पद्धतीचं होतं. ते वेष्टनासाठी 80 बाइट राखून ठेवतं, उरतात 1420. ऑफिसच्या व्हीपीएनला याची कल्पना नसते. ते पूर्ण 1500 हाताशी आहेत असं धरून मोठी पाकिटं बांधतं, त्यांचे मग तुकडे करावे लागतात आणि वाटेतली बरीच उपकरणं असे तुकडे सरळ टाकून देतात. छोटं पाकीट जातं, मोठं हरवतं. म्हणून यादी दिसते आणि फाइल अडकते. खात्री करायला दोन ओळी पुरतात:

```
ping 192.168.10.20
ping -l 1400 192.168.10.20
```

पहिल्याला उत्तर आलं आणि दुसऱ्याला `Request timed out.` आलं, तर दुखणं हेच.

एकात एक बोगद्याचा आणखी एक त्रास ऑफिसच्या बाजूला दिसतो. तिथल्या फायरवॉलला बाईंचं लॉगिन चिंचवडहून आलेलं दिसत नाही. खासगी व्हीपीएनचा सर्व्हर ज्या देशात आहे तिथून आलेलं दिसतं. बाहेरच्या देशातून येणारी लॉगिनं आम्ही बहुतेक ग्राहकांकडे बंदच ठेवतो. "मी तर इंडिया निवडलंय" असं कुणी म्हणतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. व्हीपीएन कंपन्यांनी आपल्या ग्राहकांची माहिती 5 वर्षं जपून ठेवावी असा आदेश सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढला, त्यानंतर काही मोठ्या खासगी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. यादीत भारताचा झेंडा दिसला तरी मशीन देशाबाहेर असू शकतं. (कंपन्यांच्या स्वतःच्या ऑफिस व्हीपीएनला तो आदेश लागू नाही, तेव्हा आपल्या ऑफिसला त्याची चिंता नको.)

उलटा क्रम, म्हणजे आधी ऑफिसचं आणि मग खासगी, केला तरी सुटका नाही. चालू असलेल्या बोगद्याची पाकिटं अचानक खासगी दाराने निघतात, ऑफिसच्या सर्व्हरला ती अनोळखी पत्त्यावरून आलेली दिसतात, आणि त्याने ती नाकारली तर आपलं व्हीपीएन थोडा वेळ वाट पाहून पुन्हा जोडायला लागतं. आमच्या सेटिंगमध्ये ही वाट 60 सेकंदांची आहे. "दुपारी चांगलं चाललं होतं, मग एकदम Reconnecting आलं" या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं.

किल स्विच हा प्रकार याहून कडक. खासगी व्हीपीएन तुटलं तर एकही पाकीट उघड्यावर जाऊ नये, म्हणून ते विंडोजच्या फायरवॉल यंत्रणेत नियम घालतं: माझ्या दाराशिवाय कुठूनही काही बाहेर जाणार नाही. त्याच्या लेखी ऑफिसचं व्हीपीएन म्हणजेही चोरवाटच. मग तक्त्यात ओळ कितीही बरोबर असो, पाकीट दारातच अडतं. ओळखायची खूण अशी, की `ping` ला `Request timed out.` ऐवजी लगेच `General failure.` येतं. पहिल्यात पाकीट गेलं आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्यात ते लॅपटॉपबाहेर पडलंच नाही. काही अॅपमध्ये किल स्विच व्हीपीएन तोडल्यावरही लागू राहतो, आणि घरातल्या बाकी सगळ्यांचं इंटरनेट चालू असताना फक्त याच लॅपटॉपचं बंद पडतं. अशा वेळी अॅप काढून टाकण्याची घाई करू नका. आधी ते उघडून किल स्विच बंद करा, मगच पुढचं.

यावर आमचं सांगणं सरळ आहे: ऑफिसच्या वेळेत खासगी व्हीपीएन पूर्ण बंद ठेवा आणि त्याचं आपोआप चालू होणं काढून टाका. बाईंचं काम एवढ्यानेच झालं. आधी दोन्ही तोडली, मग फक्त ऑफिसचं जोडलं. `acc-server` नावाने उघडला आणि बॅकअपही गेला.

काही जण खासगी अॅपमधल्या `Split tunneling` मध्ये ऑफिसच्या व्हीपीएनला वगळून बघतात. आम्हाला हा मार्ग फारसा भरवशाचा वाटत नाही, तरी करायचाच असेल तर `openvpn-gui.exe` वगळून उपयोग नाही. ती नुसती खिडकी आहे, बोगदा चालवते `openvpn.exe`. ती वगळली की एकात एक बोगदा होणं टळतं, पण डीएनएस आणि किल स्विच जिथल्या तिथे राहतात. आणि सर्व्हरवरचं फोल्डर उघडणारी पाकिटं कुठल्याही अॅपच्या नावाने जात नाहीत, विंडोज स्वतः ती पाठवतं, त्यामुळे वगळायच्या यादीत टाकायला नावच हाती नसतं.

दोन्ही एकाच वेळी हवीच असतील तर ती वेगळ्या मशीनवर ठेवा. लॅपटॉपवर ऑफिसचं, फोनवर खासगी. ब्राउझरमध्ये बसवायचं "व्हीपीएन एक्स्टेन्शन" बहुतेक वेळा त्या ब्राउझरपुरतं प्रॉक्सी असतं. ते रूटच्या तक्त्याला हात लावत नाही, म्हणून सहसा भांडतही नाही. अँड्रॉइड फोनवर हा प्रश्न फारसा येतच नाही, कारण दुसरं व्हीपीएन चालू केलं की पहिलं बंद होतं; ऑफिसने वेगळी वर्क प्रोफाइल दिली असेल तर मात्र तिचं व्हीपीएन वेगळं चालू शकतं. लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा असेल तर मालकांना विचारल्याशिवाय त्यावर खासगी व्हीपीएन टाकूच नका.

तरीही अडलं तर काही तोडण्याआधी पॉवरशेल उघडून या दोन ओळी चालवा आणि पडद्याचा फोटो आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. तोडून पुन्हा जोडलं की तक्ता बदलतो आणि मूळ गोंधळ दिसेनासा होतो.

```
route print -4
Find-NetRoute -RemoteIPAddress 192.168.10.20
```

दुसऱ्या ओळीत तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता टाका. आम्ही दिलेल्या सेटिंगच्या कागदावर तो वरच छापलेला आहे.