उलट अनुवाद (प्रश्नावलीचा)

एका भाषेतली प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेल्यावर ती मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या अनुवादकाकडून पुन्हा मूळ भाषेत आणायची आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून अर्थ कुठे सरकला ते शोधायचे, या पद्धतीला उलट अनुवाद म्हणतात. संशोधकांच्या बोलण्यात ‘बॅक ट्रान्सलेशन’ हाच शब्द रूढ आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली.

पद्धतीची ताकद आणि तिचा आंधळा कोपरा एकाच उदाहरणात दिसतो. नैराश्याची चाचपणी करणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण मिळतात. एकूण गुण २७ असून १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढील तपासणी सुचवली जाते. समजा, नागपुरातला एक गट महाल आणि इतवारीतल्या वस्त्यांसाठी तिचा नव्याने मराठी अनुवाद करतो आहे.

पहिल्या प्रश्नात काही करण्यातला रस किंवा आनंद कमी झाला का, असे विचारले आहे. पहिल्या मसुद्यात ‘कामात मन लागत नाही’ असे येते. नागपुरात हे सहज बोलले जाते. पण उलट अनुवादात ‘वर्क’ हा शब्द उमटतो आणि चूक लगेच दिसते: नातवंडांशी खेळणे, देवळात जाणे, शेजारी गप्पा मारणे हे सगळे प्रश्नातून गळाले आहे. ‘कशातच मन लागत नाही’ असे केल्यावर ते परत येते. इथे पद्धतीने आपले काम चोख केले.

‘दोन आठवडे’ याऐवजी गटाने ‘मागचे पंधरा दिवस’ लिहिले, तर उलट अनुवादात ‘फिफ्टीन डेज’ येते आणि मूळाशी ते जुळत नाही. तरीही बदलू नये. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या काळाला लोक पंधरा दिवसच म्हणतात आणि एका दिवसाच्या फरकाने उत्तर हलत नाही. शब्द जुळले नाहीत म्हणून चांगले मराठी वाक्य मोडणे, ही या कामातली फार नुकसानकारक सवय आहे.

खरा धोका उत्तरांच्या पर्यायांत असतो. मूळ पर्याय चार आहेत: अजिबात नाही, ‘सेव्हरल डेज’, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. दुसऱ्या पर्यायासाठी ‘बरेच दिवस’ लिहिले गेले, तर इंग्रजी जाणणारा अनुवादक त्याचे पुन्हा ‘सेव्हरल डेज’ करू शकतो. दोन्ही मजकूर तंतोतंत जुळतात, समिती पुढे सरकते. पण ‘बरेच म्हणजे किती?’ असे विचारले की एखादी आजी सांगते, ‘बरेच म्हंजे रोजच समजा नं.’ तिच्या कानाला ‘बरेच’ हे ‘निम्म्याहून जास्त’पेक्षा मोठे आहे, म्हणजे पर्यायांचा चढता क्रमच मोडला. पंधरापैकी दहा दिवस पाच त्रास सोसणाऱ्या बाईंनी पाचही ठिकाणी ‘बरेच’ निवडले, तर त्यांचे गुण ५ होतात. मूळ अर्थाने ते १० व्हायला हवे होते. ज्यांना तपासणीला पाठवायला हवे, त्या घरी परततात.

अशी चूक उलट अनुवादाच्या कागदावर दिसत नाही, कारण अनुवादक मराठी वाचता वाचता मूळ इंग्रजीचा अंदाज बांधतो. मानसिक आरोग्याच्या प्रश्नावल्यांशी परिचित माणूस तर वाक्य अर्धवट असले तरी ते मनातल्या मनात दुरुस्त करून टाकतो. म्हणून त्याने मूळ न पाहणे पुरेसे नाही. विषय आणि हेतूही त्याला ठाऊक नसलेले बरे. डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली सुचवलेल्या क्रमात मराठीत आणणारे दोन, उलट नेणारे दोन, मग समिती आणि शेवटी ३० ते ४० लोकांवर चाचणी आहे. माझ्या मते यातला शेवटचा टप्पाच सर्वांत कमी वेळा मनापासून केला जातो आणि ‘बरेच’सारखी चूक नेमकी तिथेच सापडते.

त्या चाचणीत प्रश्न समजला का, असे विचारून भागत नाही, कारण लोक भिडेपोटी हो म्हणतात. चारही पर्याय वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून कमी ते जास्त असे लावायला सांगावेत आणि प्रत्येक चिठ्ठीला पंधरापैकी किती दिवस, ते विचारावे. वाचता न येणाऱ्यांना त्या वाचून दाखवाव्यात. दोन-तीन जणांनी जरी क्रम उलटा लावला, तरी शब्द बदलायला हवा. ‘बरेच’च्या जागी ‘काही दिवस’ घेतल्यावर चिठ्ठ्यांची चाचणी पुन्हा होते. तो बदल आणि त्यामागचे कारण समितीच्या वहीत नोंदवले जाते, म्हणजे पुढे हीच प्रश्नावली कोल्हापूरला नेणाऱ्याला कुठला शब्द आधी तपासायचा ते कळते.