हेल्मेटमध्ये चष्म्यावर वाफ का धरते?

पावसाळी सकाळी गाडी चालू असेपर्यंत सगळं स्वच्छ दिसत असतं. सिग्नलला थांबलं की दोन-तीन श्वासांत चष्मा पांढरा होतो. मग हात हेल्मेटच्या व्हायझरकडे जातो, तो पुसला जातो आणि तरीही दिसत नाही, कारण वाफ व्हायझरवर नसून चष्म्यावर असते. चष्मा लावून रोज दुचाकी चालवणाऱ्यांना इथे दोन काचा सांभाळायच्या असतात, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडतोच असं नाही.

थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं, तेच इथे घडतं. प्रत्येक तापमानाला हवा ठरावीक बाष्पच धरून ठेवू शकते. बाष्प तितकंच ठेवून हवा थंड करत गेलं, की एका तापमानाला ते पाण्याच्या रूपात बाहेर पडू लागतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. काच दवबिंदूपेक्षा थंड असेल तर तिच्यावर बारीक थेंब जमतात. ते प्रकाश चहूबाजूंना विखुरतात, म्हणून पाणी पारदर्शक असूनही काच पांढरी दिसते.

आता सिग्नलवरची गोष्ट आकड्यांत पाहू. बाहेर 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 टक्के आर्द्रता आहे. अशा एक घनमीटर हवेत साधारण 15.6 ग्रॅम बाष्प असतं. उच्छ्वासाची हवा सुमारे 34 अंशांची आणि जवळजवळ संपृक्त, म्हणजे घनमीटरला 38 ग्रॅमच्या आसपास. चष्म्याची काच चेहऱ्याच्या उबेमुळे बाहेरच्या हवेपेक्षा किंचित गरम, समजा 21 अंशांवर आहे. गाडी पळत असताना हेल्मेटमधल्या हवेत उच्छ्वासाचा वाटा एक दशांश धरला, तर मिश्रणात 17.8 ग्रॅम बाष्प होतं आणि दवबिंदू साडेवीस अंशांच्या जवळ येतो. काच त्याहून थोडी गरम, म्हणून कोरडी राहते. गाडी थांबली की वारा थांबतो. उच्छ्वासाचा वाटा एक पंचमांशावर गेला की बाष्प 20 ग्रॅमवर आणि दवबिंदू साडेबावीसच्या वर पोहोचतो. काच तीच, तापमान तेच, पण आता ती दवबिंदूच्या खाली आहे.

म्हणजे सगळा फरक दोन अंशांचा आहे, आणि म्हणूनच छोट्या गोष्टींनी मोठा परिणाम होतो. कोरड्या हवेत, 30 अंश आणि 40 टक्के आर्द्रता असताना, निम्मी हवा उच्छ्वासाची असली तरी दवबिंदू 27 अंशांच्या वर जात नाही. तेव्हा चष्म्यावर वाफ धरत नाही.

यातून पहिला उपाय निघतो: श्वास चष्म्यापर्यंत पोहोचूच द्यायचा नाही. बऱ्याच फुलफेस हेल्मेटमध्ये नाकावर बसणारी रबरी पट्टी मिळते, तिला ब्रेथ गार्ड म्हणतात. ती उच्छ्वास खाली वळवते. मात्र चष्मा असेल तर ती फ्रेमला खालून ढकलत नाही ना, हे पाहावं लागतं. याच्या अगदी उलट काम करतो तोंडावर घट्ट बांधलेला रुमाल. त्यातून श्वास समोर जायला वाट मिळत नाही, तो नाकाच्या कडेने सरळ वर, काचांवर येतो. रुमाल हवाच असेल तर नाकापाशी तो घट्ट आणि हनुवटीपाशी सैल ठेवावा. हनुवटीजवळची हवेची खिडकी पावसाळ्यात उघडी ठेवावी. आणि व्हायझर थांबल्यावर नव्हे, वेग कमी करतानाच एक खाच वर करावा. एकदा थेंब जमले की ते उडायला वेळ लागतो; जमू न देणं फार सोपं आहे.

दुसरा उपाय थेंबांचा आकार बदलण्याचा. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब व्हायझरच्या आतल्या बाजूला बोटाने पसरवून, काच पारदर्शक दिसेपर्यंत मऊ कापडाने कोरडी पुसली, तर साबणाचा अतिशय पातळ थर मागे राहतो. पाणी येतंच, पण थेंब न होता सपाट पसरतं, आणि त्यातून आरपार दिसतं. थर जाड राहिला तर रात्री समोरच्या दिव्यांभोवती रेघा दिसतात, म्हणून पुसण्यात कंजूषी नको. चष्म्याच्या काचेवर कोटिंग असतं, तिथे चष्म्यासाठीच बनवलेला अँटी-फॉग स्प्रे वापरलेला बरा. टूथपेस्ट कशावरही घासू नये, तिने ओरखडे पडतात.

पिनलॉकबद्दल एक गैरसमज पुष्कळांचा होतो. व्हायझरच्या आतून बसणारी ही दुसरी पातळ काच कडेच्या सिलिकॉनच्या सीलमुळे मधे हवेचा थर कोंडून ठेवते. आतली काच बाहेरच्या थंडीपासून अलग राहते, म्हणून तिच्यावर वाफ धरत नाही. काम उत्तम करते, पण व्हायझरपुरतंच. चष्म्याचं तापमान किंवा हेल्मेटमधलं बाष्प ती बदलत नाही. कोणत्या काचेवर वाफ आहे हे आधी ओळखा: व्हायझर पूर्ण वर केल्यावरही धूसर दिसत असेल, तर दोष चष्म्याकडे आहे.

एसीतून बाहेर पडताच धूसर होणारा चष्मा ही वेगळी गोष्ट. काच 23 अंशांवर आणि बाहेरच्या दमट हवेचा दवबिंदू 25 वर असेल, तर श्वासाचा संबंध नसतानाही थेंब जमतात, तेही बाहेरच्या बाजूने. काच गरम होईपर्यंत दोन मिनिटं थांबून मग गाडी काढावी.

फिटिंगचा प्रश्नही दिसण्याशीच जोडलेला आहे. हेल्मेट आधी घालावं, मग चष्म्याच्या काड्या कानशिलावरून आत सरकवाव्यात. काढताना आधी चष्मा. पातळ, सरळ, थोड्या लवचिक काड्या यासाठी चांगल्या. जाड आणि टोकाला खूप वळलेल्या काड्या आत जातानाच फोमला अडकतात आणि अर्ध्या तासात कानाच्या वर ठणकू लागतात. काही हेल्मेटच्या आतल्या गादीत काडीसाठी खाच असते. नसेल तर आतला थर्माकोलसारखा कडक थर कोरून ती करू नये, कारण धक्का तोच शोषतो.

गालाच्या गाद्या फ्रेमला वर ढकलत असतील तर नंबर बरोबर असूनही त्रास होतो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचांत हे लगेच जाणवतं: फ्रेम वर सरकली की जवळचं पाहण्याचा भाग रस्त्याच्या आड येतो. दुकानात हेल्मेट चष्म्यासकट निदान दहा मिनिटं घालून, लांबची पाटी वाचून पाहावी. हनुवटीचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट चष्मेवाल्यांना सोयीचं, कारण चष्मा न काढता ते घालता येतं. वजनाला मात्र ते सहसा जास्त भरतं.

व्हायझर पारदर्शकच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. 20 टक्के प्रकाश सोडणारा गडद व्हायझर आणि तितकाच सोडणारा गॉगल एकत्र आले, तर डोळ्यांपर्यंत फक्त 4 टक्के प्रकाश पोहोचतो. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचांवरही भिस्त ठेवू नका. त्यांना अतिनील किरण लागतात आणि पॉलिकार्बोनेटचा व्हायझर तेच अडवतो, म्हणून त्या हेल्मेटमध्ये जेमतेम गडद होतात. आतून खाली येणारा सन व्हायझर हा चांगला पर्याय आहे, पण तो खाली ओढल्यावर चष्म्याला टेकत असेल तर ते हेल्मेट घेऊ नका.