बाल्कनीची काच आपोआप का फुटते : मेलबर्न ते टोरंटो

फ्लॅटची बाल्कनी काचेची करायची म्हटलं की दुकानदार पहिल्यांदा म्हणतो "टफन घ्या, फुटली तरी लागत नाही". यात खरं आहे, पण अर्धंच, आणि उरलेलं अर्धं कळायला जगाला बराच वेळ लागलाय.

टफन काचेची आयडिया १८७४ची. फ्रान्समधल्या दे ला बास्तीने तापलेली काच तेलाच्या कढईत बुडवून कडक करायची पद्धत काढली. आता तेल नाही, काच ६२० डिग्रीच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचा जोरदार मारा करतात. बाहेरचा थर आधी गार होऊन घट्ट बसतो, आतला नंतर गार होताना आकसतो आणि बाहेरच्याला आत खेचून धरतो, म्हणजे पृष्ठभाग कायम दाबलेला आणि पोट कायम ताणलेलं. म्हणून ती साध्या काचेच्या चारपाच पट ताकदीची होते. पण एखादी चीर पोटापर्यंत पोचली की साठलेला ताण एकदम सुटतो आणि सगळा पत्रा एका क्षणात खडीसाखरेसारखा भुगा. म्हणूनच टफन झाल्यावर काच कापता येत नाही, भोकं आधीच पाडून घ्यायची.

आता मेलबर्न. तिथलं आयसीआय हाउस १९५८ मध्ये उभं राहिलं, बाहेरून टफन काच लावलेली, आणि कोणी हात न लावता काचा फुटायला लागल्या. बॅलेंटाइन नावाच्या संशोधकाने १९६१ मध्ये कारण शोधलं, निकेल सल्फाइडचे बारीक खडे. काच वितळवताना कुठूनतरी निकेलचा अंश आला आणि गंधकाशी जुळला की हे खडे तयार होतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. जास्त तापमानाला त्यांची रचना वेगळी असते, गार झाल्यावर ती बदलते आणि खडा किंचित फुगतो. साधी काच हळू गार होते त्यामुळे हा बदल कारखान्यातच उरकतो, पण टफन करताना झटक्यात गार केल्याने खडा जुन्या अवस्थेतच अडकून राहतो, आणि मग दोन महिन्यांनी म्हणा, पाच वर्षांनी म्हणा, फुगून त्या ताणलेल्या पोटातच चीर पाडतो. तुकडे फ्रेममध्ये अडकून राहिले तर ओळखता येतं, फुटण्याच्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे असतात आणि मधल्या रेषेवर ठिपका. तुकडे खाली पडले तर पुरावाही गेला.

यावर उपाय निघाला हीट सोक, म्हणजे टफन काच पुन्हा २६० ते २९० डिग्रीला काही तास ठेवायची, खडेवाली असेल ती भट्टीतच फुटते. बहुतेक सापडतात, सगळ्या नाही.

लॅमिनेटेडचा रस्ता वेगळा. बेनेडिक्टस या फ्रेंच माणसाने १९०९ मध्ये दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा थर घालून पेटंट घेतलं. तो थर पिवळा पडायचा, पुढे १९३०च्या दशकात पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म आली तेव्हा जमलं. ही काच फुटते, तडे जातात, पण तुकडे फिल्मला चिकटून जागेवरच राहतात.

हा फरक किती मोठा आहे ते २०११ च्या उन्हाळ्यात टोरंटोला दिसलं. नव्या टॉवरच्या बाल्कन्यांच्या टफन काचा फुटून रस्त्यावर पडू लागल्या. उंचावरून पडताना तुकडे सगळे सुटे होत नाहीत, चिकटलेले गठ्ठेच्या गठ्ठे येतात, खाली माणूस असेल तर काय होईल सांगायला नको. कारणांमध्ये निकेल सल्फाइड होतं, तसंच काच थेट धातूला टेकणं पण. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओने तज्ज्ञ समिती बसवली आणि १ जुलै २०१२ पासून नियम बदलला. स्लॅबच्या कडेबाहेर किंवा कडेला अगदी लागून काच असेल तर ती हीट स्ट्रेंदन्ड लॅमिनेटेडच हवी, काच बरीच आत असेल तर टफन चालेल.

हीट स्ट्रेंदन्ड का, तर ती टफनपेक्षा सावकाश गार केलेली असते, ताण कमी, म्हणून आपोआप फुटणं फारच दुर्मिळ. आणि फुटली तरी मोठे तुकडे होतात, ते फिल्मसोबत उभे राहतात. दोन्ही थर टफनचे असले आणि दोन्ही फुटले तर पत्रा ओल्या गोधडीसारखा लोळतो, क्लॅम्पमधून सुटूही शकतो, विशेषतः वर हँडरेल नसेल तर. आपल्याकडे दुकानात "टफन लॅमिनेटेड" म्हणून हेच मिळतं, त्यामुळे वरून हँडरेल मागून घ्याच. मोठ्या खिडकीचंही तसंच, खाली रस्ता किंवा मुलांची खेळायची जागा असेल तर मी एकेरी टफन लावणार नाही.

लॅमिनेटेडचा कच्चा दुवा म्हणजे कड. पीव्हीबी ओल शोषतो, पाणी साचून राहिलं की कडेपासून दुधाळ पट्टा आत सरकतो. मुंबई-कोकणच्या पावसात खालच्या चॅनेलला पाणी निघायला भोकं आहेत का ते फॅब्रिकेटरला काच बसवायच्या आधीच दाखवायला सांगा, नंतर ती पाडता येत नाहीत.